गाइडला ‘उशीर झालाय’ हे कळवताना या चुका टाळा

पीएच.डी.ची मुलं माझ्याकडे मेलचा मसुदा घेऊन येतात. मी कुणाची गाइड नाही, नुसती सीनियर आहे. ‘ताई, जरा बघता का, सरांना पाठवायचाय’ म्हणत मोबाइल पुढे करतात. वाचायच्या आधीच मला साधारण कळतं आत काय असणार: चार ओळी तब्येतीच्या, दोन ओळी क्षमायाचनेच्या, आणि शेवटी ‘लवकरात लवकर पूर्ण करीन’. म्हणजे गाइडला हवी असलेली एकही गोष्ट त्यात नाही. काय झालंय, काय राहिलंय, कधी होईल आणि त्यांनी आता काय ठरवायचं, एवढंच तर त्यांना हवं असतं.

सर्वांत जुनी चूक टक्केवारीची. ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग.

चौथ्या वर्षी सरांनी जाता जाता विचारलं, ‘कुठपर्यंत आलं?’ मी मेलमध्ये लिहिलं, ‘८० टक्के काम झालं आहे.’ खोटं बोलायचा इरादा नव्हता. वाचन झालं होतं, डेटा जमला होता, डोक्यात सगळं तयार होतं. कागदावर मात्र सहापैकी दीड प्रकरण होतं. बाकीच्या प्रकरणांच्या फायलींत फक्त मथळे, आणि त्याखाली पिवळ्या रंगात ‘इथे लिहायचं’. सरांनी माझ्या ८० टक्क्यांवर विश्वास ठेवला. परीक्षकांची संभाव्य नावं मनाशी जुळवायला घेतली आणि सहामाही अहवालाच्या बैठकीत समितीला सांगून टाकलं की ही पुढच्या सत्रात सिनॉप्सिस देईल. समितीतल्या एका मॅडमनी सहज विचारलं, ‘तिसरं प्रकरण बघायला मिळेल?’ मी गप्प. सरही गप्प. बाहेर आल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मला आधी सांगितलं असतंस तर मी तिथं तोंड उघडलं नसतं.’ त्यानंतर सहा महिने त्यांनी माझ्या प्रत्येक वाक्याचा पुरावा मागितला, आणि ते रास्तच होतं.

तेव्हापासून मी टक्के लिहीत नाही, मोजता येणाऱ्या वस्तू लिहिते. किती मुलाखती झाल्या, किती राहिल्या. कोणतं प्रकरण तुम्ही वाचून परत दिलंय, कोणतं कच्चं आहे, कोणतं सुरूच नाही. ‘लिहितेय’ ही काही अवस्था नव्हे. फाइल पाठवता येत असेल तर ते कच्चं प्रकरण, नसेल तर ते शून्य.

काही चुका एकेका ओळीतच आटोपते. हा विषय व्हॉट्सअॅपवर काढू नका; गाइडला तो सहा महिन्यांनी शोधावा लागतो. विषयाच्या ओळीत ‘नमस्कार’ लिहू नका, ‘प्रबंधाचे सुधारित वेळापत्रक’ लिहा. रात्री दोनला लिहिलेला मेल सकाळी वाचल्याशिवाय पाठवू नका. दोनच्या मेलमध्ये आत्मनिंदा फार असते. `final_final2.docx` नावाची फाइल जोडू नका. आणि नेटवरचा तयार नमुना उचलून नाव बदलून पाठवणाऱ्यांना मी हात जोडते. गाइडनं असे वीस मेल वाचलेले असतात, तिसऱ्या शब्दाला ओळखतात.

आता दुसरी मोठी चूक, वेळापत्रकाची. इथं हुशार मुलंही घसरतात.

गेल्या नोव्हेंबरात एक मुलगी आली. विषय ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांतली उचल आणि कर्ज. बीड जिल्ह्यातली चार गावं, १२० कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या. स्वतः एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मे ते ऑगस्टमध्ये तिच्या ७४ मुलाखती झाल्या, मग सत्र, तास आणि परीक्षेची कामं यांत सप्टेंबर गेला. उरलेल्या ४६ दिवाळीच्या सुट्टीत उरकू म्हणून ती गावात गेली, तर घरांना कुलपं. मागे म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं. बाकी सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाबरोबर कारखान्यांकडे निघून गेले होते.

तिनं मॅडमना पाठवायला केलेलं वेळापत्रक असं होतं: नोव्हेंबर-डिसेंबरात ४६ मुलाखती, जानेवारीत विश्लेषण, फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन प्रकरणं, एप्रिलमध्ये पूर्ण मसुदा, मेमध्ये प्री-सबमिशन, जूनमध्ये प्रबंध सादर. जून २०२६ ही तिनं आधी कबूल केलेली तारीख. म्हणजे उशीर झाला हे मान्य करणाऱ्या मेलमध्ये शेवटची तारीख एका दिवसानंही हलली नव्हती! तिनं जून धरून उलटं मागं मोजत आणलं होतं आणि जे बसत नव्हतं ते कोंबलं होतं. असं वेळापत्रक गाइडला शांत करतं, पण फेब्रुवारीत दुसरा माफीचा मेल लिहावा लागतो, आणि तो पहिल्यापेक्षा फार जड जातो.

मी तिला दोन प्रश्न विचारले. पहिला, ही माणसं परत कधी येतात? साधारण मार्च-एप्रिलपासून, हंगाम आटोपेल तसे. मग नोव्हेंबर-डिसेंबरात मुलाखत कुणाची घेणार? तिचा उशीर दोन महिन्यांचा नव्हता. तो एका आख्ख्या हंगामाचा होता, आणि मेलमध्ये ‘फील्डवर्कला थोडा विलंब’ असं लिहिलं होतं. दुसरा प्रश्न, दुसऱ्या प्रकरणाला प्रत्यक्षात किती वेळ लागला? ठरवला होता महिना. मेल उघडून तारखा काढल्या: लिहायला सहा आठवडे, मॅडमकडे तीन, दुरुस्तीला दोन. एकूण अकरा. तिच्या नव्या वेळापत्रकात मॅडमच्या वाचनाला एक दिवसही नव्हता. जणू मॅडमनी प्रकरण हातात घेतलं आणि तिथल्या तिथं सही केली.

माझी सवय अशी: पुढच्या प्रकरणाचा अंदाज मागच्या प्रकरणाच्या खऱ्या तारखांवरून काढायचा, इच्छेवरून नाही. गाइडकडे फाइल असते ते तीन आठवडे पुढच्या प्रकरणाला वापरता येतात, म्हणून अकराऐवजी आठ आठवडे धरले तरी चालतात. त्याखाली गेलात तर तुम्ही स्वतःलाच फसवताय. सगळं पुढच्या बाजूनं मोजत जायचं, आणि जी तारीख निघेल ती घाबरवणारी असली तरी लिहायची. तिची निघाली मे २०२७, म्हणजे अकरा महिने उशिरा. ती रडकुंडीला आली. मग नोंदणीची तारीख पाहिली: ऑगस्ट २०२१. सहा वर्षांची मुदत ऑगस्ट २०२७ ला संपते. पुनर्नोंदणीची गरज न पडता तीन महिने हाताशी राहतात. ही एक ओळ मेलमध्ये असायलाच हवी, कारण एवढा उशीर ऐकल्यावर गाइडच्या मनात पहिला हिशेब मुदतीचाच येतो.

शेवटी गेलेला मेल तिच्या परवानगीनं देतेय:

विषय: प्रबंधाचे सुधारित वेळापत्रक – आपल्या निर्णयासाठी

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

जून २०२६ पर्यंत प्रबंध सादर करीन असे मी म्हटले होते. ते होणार नाही. माझ्या हिशेबाने मे २०२७ लागेल. नोंदणीची सहा वर्षे ऑगस्ट २०२७ मध्ये पूर्ण होतात.

आजची स्थिती: १२० पैकी ७४ मुलाखती झाल्या. प्रकरण १ व २ आपण तपासून दिली आहेत. प्रकरण ३ कच्चे आहे. ४, ५ व ६ सुरू केलेली नाहीत.

कारण: उरलेल्या मुलाखती मी दिवाळीपर्यंत लांबवल्या. तोवर कुटुंबे तोडीला गेली. हंगाम लक्षात घेऊन त्या सप्टेंबरमध्येच घ्यायला हव्या होत्या, ही माझी चूक.

तळावर जाऊन मुलाखती घेण्याचा विचार केला. पण मुकादम आसपास असताना उचलीबद्दल मोकळे बोलणे होत नाही, आणि आधीच्या ७४ मुलाखती घरी झालेल्या आहेत. म्हणून मी तो पर्याय ठेवलेला नाही.

सुधारित वेळापत्रक:
३१ जानेवारी २०२६: प्रकरण ३ आपल्याकडे
फेब्रुवारी–मार्च: ७४ मुलाखतींचे कोडिंग
एप्रिल–मे: उरलेल्या ४६ मुलाखती
जून: त्यांचे कोडिंग
ऑगस्टअखेर: प्रकरण ४
ऑक्टोबरअखेर: प्रकरण ५
डिसेंबरअखेर: प्रकरण ६
जानेवारी २०२७: पूर्ण मसुदा
मार्च: प्री-सबमिशन
मे: प्रबंध सादर

प्रत्येक प्रकरणाच्या आपल्या वाचनासाठी तीन आठवडे धरले आहेत. ते कमी वाटत असतील तर कृपया सांगावे. प्रकरण ३ जानेवारीअखेर आले नाही, तर मी पुढच्या तारखांबद्दल लगेच कळवीन.

आपला निर्णय दोन गोष्टींवर हवा आहे: हे वेळापत्रक चालेल का, आणि पुढच्या सहामाही अहवालात हेच लिहू का?

आपली विद्यार्थिनी

तब्येतीचं यात काही नाही. सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला होता, दहा दिवस पडून होती. पहिल्या मसुद्यात त्याला अर्धं पान दिलं होतं. मी काढायला लावलं, कारण दहा दिवसांनी अकरा महिन्यांचा हिशेब लागत नाही, आणि गाइडला तो आकडा लगेच दिसतो. आजारपण खरंच मोठं असेल, बाळंतपण असेल, घरात कुणी गेलं असेल तर जरूर लिहा, तारखांसकट. रजेचे आणि मुदतवाढीचे नियम असतात आणि ते लावायला गाइडला नोंद लागते. नुसती सहानुभूती मिळवायला लिहू नका.

‘माझी चूक’ हे दोन शब्द ठेवायचे की नाहीत यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली, हे लेखी राहील. मी म्हटलं, राहू दे. ओळ एकच आहे, आणि काय करायला हवं होतं तेही तिच्यातच आहे. तीन वेळा क्षमा मागितली की गाइडला समजूत घालत बसावं लागतं, आणि वेळापत्रक तसंच राहतं.

ज्यांना हे सगळं फार वाटतं आणि ‘त्यापेक्षा सरांना कॉरिडॉरमध्ये गाठून सांगतो’ म्हणतात, त्यांना गाठू द्या. सरांनी मान डोलावली म्हणजे मान्य केलं असं ते धरून चालतात. अहवालावर सही घ्यायची वेळ आली की कळतं.

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘तळावर नको, बरोबर आहे. पण १२० च कशाला? चारही गावांतली कुटुंबं पुरेशी येत असतील तर १०० वर थांबता येईल का पाहू. आत्तापर्यंतच्या ७४ ची गाववार यादी घेऊन बुधवारी ये.’

यादी तिच्याकडे नव्हती. मंगळवारी रात्री ती माझ्याकडे बसून करत होती. एका गावातली फक्त नऊ कुटुंबं निघाली.