गेजवरचा शून्य: पाण्याखाली फ्लँज उघडताना या चुका टाळा

समुद्रतळावरच्या पाइपलाइनची फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळलेला सांधा, उघडायच्या आधी प्लॅटफॉर्मवरून निरोप येतो, "लाइनचं प्रेशर शून्य आहे." एवढ्यावर डायव्हरला बेलबाहेर, म्हणजे त्याला खाली नेणाऱ्या दाबबंद कक्षाबाहेर, पाठवणं, ही माझ्या मते या कामातली सर्वांत घातक चूक.

समजा फ्लँज 80 मीटर खोल आहे. लाइन रायझरमधून, म्हणजे तळापासून प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्या उभ्या पाइपमधून, समुद्राच्या पातळीपर्यंत पाण्याने भरलेली आणि वर उघडी असेल, तर वरचं गेज शून्य दाखवतं. आत साध्या दाबाची हवा असेल, तरी ते शून्यच दाखवतं. पहिल्या स्थितीत आतबाहेर दाब जवळपास सारखा असतो. दुसऱ्यात बाहेरचा दाब सुमारे 8 बारने जास्त असतो. तेव्हा 10 सेंटिमीटर व्यासाचं भोक जरी शरीराने झाकलं गेलं, तरी त्यावर जवळजवळ 640 किलो वजनाइतका जोर येतो. ही ओढ लांबून जाणवत नाही. जाणवते तेव्हा सुटायला वेळ उरलेला नसतो. शिवाय सॅच्युरेशनमधल्या, म्हणजे दिवसेंदिवस खोलीइतक्या दाबाखालीच राहणाऱ्या, जखमी डायव्हरला लगेच साध्या दाबाच्या हवेत आणता येत नाही, कारण एवढ्या खोलीवरून डीकॉम्प्रेशनलाच, म्हणजे दाब हळूहळू उतरवायलाच, तीन-चार दिवस लागतात.

म्हणून मोजमाप खालीच, आरओव्हीने म्हणजे वरून चालवल्या जाणाऱ्या पाण्याखालच्या रोबोने घ्यावं. पण इथेही शून्य फसवतो. काही गेज भोवतालच्या समुद्राच्या तुलनेत दाब दाखवतात, बंद डब्यातली गेज पृष्ठभागावरच्या हवेच्या तुलनेत. ओळखायची रीत सोपी आहे: जोडण्याआधी गेजचं तोंड त्याच खोलीवर समुद्राला उघडं ठेवून आकडा वाचा. 8 दिसला, तर लाइनमध्येही 8 यायला हवा. अशा गेजवर शून्य आला तर लाइन रिकामी आहे. उघड्या पाण्यात शून्य दिसला, तर लाइनवरही शून्यच हवा.

आकडा जुळला तरी गेजकडे जाणारं छिद्र मेणाने किंवा गंजाने बुजलेलं असू शकतं. त्यामुळे छोटा व्हॉल्व्ह आरओव्हीनेच उघडावा आणि लांब दांड्याला बांधलेली फीत त्याच्या तोंडाशी धरावी. फीत आत ओढली गेली, तर पाणी अजून आत शिरतंय, थांबायचं. तोवर डायव्हर बेलमध्येच.

फीत लोंबकळत राहिली की घाईने व्हॉल्व्ह बंद करण्याची चूक होते. दूरचा एखादा व्हॉल्व्ह गळत असेल किंवा वरच्या कुणी लाइन उपसायला घेतली, तर आत पुन्हा पोकळी तयार होते. 25 फेब्रुवारी 2022 ला त्रिनिदादमध्ये पॉइंट-आ-पिएर इथे 30 इंची लाइनमध्ये पाच डायव्हर ओढले गेले, त्यातले चौघे वाचले नाहीत. ते काम उथळ पाण्यातलं होतं, सॅच्युरेशनचं नव्हतं. पण लाइनमधला द्रव आधीच काढल्याने आत पोकळी झाली होती. शेवटचा बोल्ट निघेपर्यंत तो छोटा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, आरओव्हीचा कॅमेरा फितीवर ठेवा आणि वरचे पंप कुलूपबंद करून चावी डायव्हिंग सुपरवायझरकडे द्या.