दुबईहून नवा फोन आणवणार असाल तर तिकडे पैसे मोजण्याआधीच करायची तयारी

नांदेड, परभणी, लातूरकडची किती तरी पोरं आखातात कामाला आहेत. सुट्टीवर येताना "येताना एक फोन घेऊन ये" अशी फर्माइश प्रत्येकाला असतेच. फोन आल्यावर कस्टमचं काय आणि सिम चालेल का, याची चौकशी सुरू होते. पण तोवर निर्णयाची वेळ निघून गेलेली असते. म्हणून यादी दुकानापासून धरा, विमानतळापासून नको.

उदाहरण घेऊ. भाचा दुबईत आहे, हैदराबादला उतरून नांदेडला येणार आहे आणि मामासाठी 4,000 दिरहमचा फोन आणतो आहे. पहिलं काम हिशोबाचं. कस्टमवाले बाजारातला दर धरत नाहीत, त्यांच्या खात्याने जाहीर केलेला विनिमय दर धरतात. तो समजा 24 रुपये आहे, म्हणजे फोन 96,000 रुपयांचा झाला. भारतात राहणाऱ्या किंवा मूळ भारतीय प्रवाशाला विमानाने येताना सामानावर मिळणारी शुल्कमाफी आधी 50,000 रुपयांची होती, फेब्रुवारी 2026 पासून ती 75,000 झाली. उरलेल्या 21,000 वर शुल्क बसणार. सामानाचा दर 35 टक्के, आणि त्या शुल्कावर 10 टक्के अधिभार, म्हणजे सगळं मिळून 38.5 टक्के. 21,000 चे 8,085 रुपये झाले.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. 75,000 ही माफी एकट्या फोनची नसते, सगळ्या नव्या सामानाची मिळून असते. भाच्याने आईसाठी मिक्सर आणि पोरांसाठी घड्याळं मिळून 15,000 चं सामान आणलं, तर शुल्क 36,000 वर लागेल आणि आकडा 13,860 वर जाईल. तेव्हा फोनसोबत आणखी काय काय येतंय याची यादी त्याच्याकडून आधीच मागवा. आणि सोबत बायको आहे म्हणून दोघांची माफी एकत्र करून दीड लाख धरता येत नाही. 96,000 चा एक फोन दोघांत वाटला जात नाही. दोन स्वस्त फोन असतील तर मात्र एकेकाने एकेक स्वतःच्या नावाच्या बिलावर आणावा, ते चालतं.

शुल्क धरून बेरीज करा, मग तोच फोन नांदेडच्या दुकानात कितीला मिळतो ते विचारा. वरच्या उदाहरणात फोन 1,04,085 ला पडतो. इथली किंमत दोन-तीन हजारांनीच जास्त असेल तर माझं स्पष्ट मत, इथेच घ्या. दुरुस्ती, बदली, हप्ते, सगळं हाताशी राहतं.

"मामा, डबा फेकून देतो, खिशात ठेवतो, मग कोण विचारतंय?" हा प्रश्न येतोच येतो. भाच्याचा स्वतःचा रोजचा फोन त्याच्या वापराच्या वस्तूंत धरला जातो, त्याला कोणी हात लावत नाही. पण दुसऱ्याला द्यायला घेतलेला कोरा फोन डब्याबाहेर काढला म्हणून जुना होत नाही. दोन महागडे फोन, एकात फोटो नाहीत की कॉल नाहीत, एवढं अधिकाऱ्याला पुरतं. विमानतळावर शुल्काचं काही नसणाऱ्यांसाठी हिरवा मार्ग असतो आणि शुल्काचा माल असणाऱ्यांसाठी लाल. शुल्क लागणारा माल घेऊन हिरव्या मार्गाने निघालं आणि पकडलं गेलं, तर माल जप्त होऊ शकतो आणि वर दंड पडतो. लाल मार्गाने जाऊन बिल पुढे करायचं, शुल्क भरायचं, पावती घ्यायची. कस्टमच्या 'अतिथी' अ‍ॅपवर आधीच माहिती भरता येते. बिल नसलं तर अधिकारी स्वतः किंमत ठरवतो आणि मग घासाघीस करायला तुमच्या हातात कागद नसतो. पार्सलने पाठवण्याचा विचार करत असाल तर तोही सोडा. ही माफी प्रवाशाच्या सामानाला आहे, कुरिअरला नाही.

आता नोंदणीचं. गावात एक समज फिरतो की बाहेरचा फोन काही दिवसांनी बंद पडतो, सरकारकडे नोंदवावा लागतो. तशी पद्धत पाकिस्तानात आणि तुर्कस्तानात आहे. आपल्याकडे फोन बनवणाऱ्या आणि विक्रीसाठी आयात करणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक फोनचा ओळख नंबर, म्हणजे आयएमईआय, सरकारी पोर्टलवर नोंदवायचा असतो. स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या एखाद्या फोनसाठी घरच्या माणसाला कुठे अर्ज करायची गरज नाही. तपासून मात्र जरूर घ्या. भाचा दुकानातच फोनवर `*#06#` दाबेल, दिसणारे आयएमईआय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल, आणि मामाने नांदेडहून आपल्या साध्या सिमवरून हा मेसेज 14422 ला पाठवायचा:

```
KYM 15-अंकी-आयएमईआय
```

शब्दानंतर एक जागा सोडा. दोन आयएमईआय असतील तर दोन वेळा. उत्तरात फोन काळ्या यादीत आहे किंवा नंबर आधीच दुसरीकडे वापरात आहे असं आलं, तर काउंटर सोडायचा नाही, दुसरा फोन मागायचा. सेकंडहँड फोन घेताना तर हे टाळूच नका. आणि नंतर कोणी "आयएमईआय बदलून देतो" म्हणाला तर त्याच्या दुकानात पाऊल ठेवू नका. तो गुन्हा आहे.

तिकडच्या कंपनीच्या कराराखाली फोन घेतला असेल तर तो त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असू शकतो. आयफोनमध्ये Settings, General, About मध्ये Carrier Lock समोर No SIM restrictions असं दिसलं पाहिजे. काही सॅमसंग फोनच्या डब्यावर प्रदेशाचं स्टिकर असतं. त्यात आधी तिकडचं सिम टाकून पाच मिनिटांहून जास्त कॉल करावा लागतो, तरच इथलं सिम उघडतं. हे काम दुबईतच उरकायचं. नांदेडला आल्यावर तिकडचं सिम कुठून आणणार?

आयफोन 17 घेत असाल तर आणखी एक पाहा. अमेरिकेसोबत अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीनच्या आयफोन 17 मध्ये सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम आहे. जिओ, एअरटेल, व्हीआय ते देतात, पण अर्ज जुन्या फोनमधलं सिम चालू असतानाच करा. जिओचा मेसेज असा, 199 ला:

```
GETESIM 32-अंकी-EID 15-अंकी-आयएमईआय
```

ईआयडी म्हणजे ई-सिमचा नंबर, तोही `*#06#` दाबल्यावर दिसतो. ई-सिम चालू करताना वायफाय पाहिजे, आणि सिम बदललं की सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद राहतात. म्हणजे बँकेचा ओटीपी येणार नाही. सोयाबीनचे पैसे काढायचे असतील, विम्याचा हप्ता भरायचा असेल, तर ते आदल्या दिवशी उरका आणि मगच सिम बदला.

शेवटी कागद. दुकानाचं बिल, त्यावर आयएमईआय लिहून घेतलेला, आणि कस्टमची पावती, यांचा फोटो काढून मेलवर ठेवा, फक्त त्याच फोनमध्ये नको. पुढे बसस्टँडवर फोन चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करताना पोलीस तक्रारीची प्रत लागते, आणि फोन आपलाच आहे हे दाखवायला हेच बिल उपयोगी पडतं. दुबईच्या दुकानदाराला तेव्हा फोन करून बिल मागण्यात अर्थ नसतो.