माहितीपत्रक मराठीत आणताना मूळ प्रत मिटून ठेवा

इंग्रजी माहितीपत्रकातील जाहिरातीचा मजकूर ओळीला ओळ लावून मराठीत उतरवला, की तो शुद्ध असूनही गिऱ्हाईक ढिम्म राहते. म्हणून मूळ प्रतीतील क्षमता, वजन आणि हमीच्या अटी तेवढ्या टिपून घ्याव्यात (विशेषणे मुळीच नकोत), प्रत मिटून ठेवावी आणि निपाणीच्या दुकानात आलेल्या शेतकऱ्याला वस्तू दाखवत आहोत असे समजून लिहावे. बॅटरीवरील फवारणी पंपासाठी ‘सुलभ कार्यक्षमतेची प्रगत रचना’ यापेक्षा ‘बटण दाबा, फवारणी सुरू, दांडा हलवून हात भरून येणार नाहीत’ हे पटते. शेवटी टिपणाशी मजकूर ताडून पाहावा, कारण लिहिण्याच्या ओघात ‘दिवसभर चालतो’ असे मुळात नसलेले वचन हमखास घुसते आणि त्याचा जाब दुकानदाराला द्यावा लागतो.