मंजुरीशिवाय माल परत येऊ नये, म्हणून दुकानदाराला काय सांगावे

घाऊक विक्रेत्याच्या गोडाऊनवर न विचारता आलेला खोका बहुतेक वेळा कोपऱ्यात पडून राहतो. माल कोणत्या बिलाचा, तो परत का आला, हे खोक्यावरून कळत नाही आणि बिल सापडेपर्यंत क्रेडिट नोट निघत नाही. दुकानदार मात्र ‘माल कधीच पाठवला’ म्हणत पुढच्या पेमेंटमधून रक्कम कापतो. म्हणून ‘आधी विचारा’ एवढेच सांगू नका. न विचारता पाठवल्यास त्याचेच पैसे कुठे अडकतात, तेही सांगा. हे पहिल्या ऑर्डरच्या वेळीच बोला आणि बिलाखाली छापा. माल बिघडल्यावर सांगितलेला नियम टाळाटाळ वाटतो.

समजा, लोहार चाळीतल्या विक्रेत्याकडून डोंबिवलीच्या दुकानदाराने २० सीलिंग फॅन घेतले आणि त्यातल्या तीन फॅनची पाती वाकलेली निघाली. त्याचा फोन आला की म्हणावे, “शेठ, फॅन अजून टेम्पोत चढवू नका. बिल नंबर, तिन्ही फॅनचे सिरियल नंबर आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाका. खोक्याचा बाहेरून काढलेला फोटोही हवा.”

बाहेरचा फोटो का, हेही समजावून सांगा. खोकाच चेपलेला असेल तर मार वाहतुकीत बसलेला असण्याची शक्यता जास्त, आणि मग भरपाई ट्रान्सपोर्टवाल्याकडे मागता येते. त्यासाठी माल उतरवतानाच पावतीवर ‘खोका चेपलेला’ असे लिहून ड्रायव्हरची सही घेतलेली बरी. खोका धड असून पाती वाकलेली असतील, तर कंपनीशी बोलावे लागते. फॅन परत निघाले की हा पुरावा राहत नाही.

फोटो पाहून त्याच दिवशी उत्तर द्या. इथे उशीर झाला की दुकानदार कंटाळून माल पाठवून देतोच. मंजुरी लेखी असू द्या: मंजुरी नंबर, बिल नंबर, नग ३, कारण, भाडे कोण देणार आणि किती दिवसांत पाठवायचे. तो नंबर प्रत्येक खोक्यावर मार्करने आणि सोबतच्या चलनावर लिहायला सांगा.

पैशांचा हिशोबही आधीच मांडा. फॅन १,५०० रुपयांचा असेल तर तीन फॅनचे ४,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८१०, म्हणजे क्रेडिट नोट ५,३१० रुपयांची. दुकानदाराने त्या ८१० रुपयांचे इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर ते त्याने परत करायचे असते. अकाउंटंटला हे कळवायला सांगा.

खरी अडचण चौथ्या फॅनची असते. विकला न गेलेला एखादा फॅन दुकानदार त्याच खोक्यांबरोबर पाठवून देतो. मंजुरी तीन नगांची आहे, चौथा आला तर त्याच टेम्पोने परत जाईल आणि त्याचे भाडे दुकानदाराकडे, हे त्याला स्पष्ट सांगा. न खपलेल्या मालासाठी वेगळी विचारणा करायची, तिथे नकारही मिळू शकतो.

मंजूर नंबरांची यादी गोडाऊनच्या दारावरच्या माणसाकडे रोज पोचली पाहिजे. यादीत नंबर नसेल तर खोका उतरवायच्या आधीच त्याने दुकानदाराला फोन लावावा.