पोपटी, हिरवा आणि आठ आकडी संख्या

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायला मी नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात गेले होते, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटत नाही. आईसोबत साडी घ्यायला गेले होते. दुकानदार काका एकेक ठाण उलगडत मोरपंखी, रामा, शेवाळी, मेंदी, पोपटी अशी नावं घेत होते, आणि मला यातल्या निम्म्या साड्या नुसत्या हिरव्या दिसत होत्या. काकांना माझ्यापेक्षा जास्त रंग *दिसतात*, की फक्त *सांगता* येतात? विषय मिळाला, असं वाटून मी खुशीत घरी आले. पुढचे चार महिने मी जे चुकले, ते या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

भाषा विचाराला आकार देते का, या प्रश्नाबद्दल मतं भरपूर सापडतील. पुरावा हवा असेल तर रंगांपासून सुरुवात करा, कारण रंग मोजता येतो. आणि रंगांतही सगळं एकदम वाचू नका. मानसशास्त्रज्ञ जोनाथन विनावर आणि सहकाऱ्यांचा २००७ चा रशियन निळ्यांवरचा प्रयोग नीट समजून घेतला की बाकीचं वाचन सोपं जातं.

रशियनमध्ये आपल्या 'निळा'सारखा एकच शब्द नाही. गडद निळा तो 'सीनी', फिकट निळा तो 'गोलुबोय', आणि रशियन माणूस गोलुबोयला सीनीचा प्रकार म्हणत नाही. प्रयोगात निळ्याच्या २० छटा होत्या. पडद्यावर वर एक चौकोन, खाली दोन. खालच्यातला एक वरच्यासारखाच. तो डावीकडचा की उजवीकडचा, एवढंच बटण दाबून सांगायचं. चौकोन समोरच असतात, त्यामुळे काही लक्षात ठेवायचं नसतं आणि कुणी रंगाचं नावही विचारत नाही. मोजायचा तो फक्त वेळ. खालचे दोन रंग सीनी-गोलुबोय सीमेच्या दोन बाजूंना पडले, तर रशियन भाषक एकाच बाजूच्या जोडीपेक्षा लवकर उत्तर देत. इंग्रजी भाषकांमध्ये असा फरक दिसला नाही.

पण प्रयोगाचा खरा जीव पुढच्या भागात आहे. त्याच लोकांना एक आठ आकडी संख्या मनात घोळवत तेच काम करायला लावलं, आणि सीमेचा फायदा नाहीसा झाला. संख्येऐवजी काही चौकोन भरलेल्या जाळीचं चित्र मनात धरून ठेवायला लावलं, तेव्हा मात्र फायदा टिकला. म्हणजे मन नुसतं गुंतवल्यामुळे तो गेला नव्हता, शब्दांची वाट अडवल्यामुळे गेला होता. रशियन भाषकाच्या डोळ्यांत काही वेगळं बसवलेलं नाही. निवाडा करण्याच्या त्या क्षणी नाव मदतीला धावतं, आणि नाव दुसरीकडे अडकलं की मदत थांबते. 'भाषेमुळे जग वेगळं दिसतं' या वाक्यापेक्षा हे फार लहान विधान आहे. मला ते जास्त आवडतं, कारण ते तपासता येतं.

मी हाच प्रयोग हिरवा-पोपटी घेऊन नागपुरात करायचं ठरवलं.

पहिली चूक शब्दांचीच. मूळ रंगनाम कोणतं, याच्या बर्लिन आणि के या अभ्यासकांनी १९६९ मध्ये दिलेल्या कसोट्यांत एक अशी की तो रंग दुसऱ्या रंगनामाच्या पोटात मोडता कामा नये. मी मैत्रिणीच्या आजीला विचारलं, "आजी, पोपटी म्हणजे हिरवाच का?" त्या म्हणाल्या, "हिरवाच आहे न बाप्पा, पोपटी असला म्हणून काय झालं!" दहापैकी आठ जणांनी हेच सांगितलं. माझ्या दोन रंगांमध्ये भिंत नव्हतीच, एकाच्या आत दुसरा होता. (गोलुबोयचं मूळही कबुतराच्या नावाशी जोडतात, तेव्हा शब्द पक्ष्यावरून आला म्हणून बिघडत नाही. आज लोक तो कशाच्या पोटात ठेवतात, ते बघायचं.) म्हणून प्रयोगाआधी नावांची चाचणी घ्या: रंगाचा एकेक तुकडा दाखवून प्रत्येकाची सीमा कुठे पडते ते स्वतंत्र नोंदवा. विनावर यांनीही सीमा व्यक्तीगणिक काढली होती.

मी मात्र तेव्हा हट्टाने पुढे गेले. एप्रिलची दुपार, खोलीत कूलरची घरघर, माझा जुना लॅपटॉप आणि विनवून विनवून आणलेल्या मैत्रिणी. निकाल बघून मी उडालेच: सीमेपलीकडच्या जोड्या खरोखर लवकर ओळखल्या जात होत्या! मग आठ आकडी संख्या दिली. फायदा तसाच राहिला. मला वाटलं, विनावरपेक्षा मोठा शोध लागला. मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "शब्द अडवूनही जात नाही, तर तो शब्दाचा परिणाम कशावरून?"

घोळ रंगांत होता. हिरव्याकडून पोपटीकडे जाताना मी संगणकात ० ते २५५ असा मोजला जाणारा लाल घटक ४०-४० ने वाढवला होता आणि पायऱ्या सारख्या आहेत असं धरून चालले होते. पण पडद्यावर आकडा आणि प्रकाश सरळ प्रमाणात वाढत नाहीत. लाल ० वरून ४० केला तर पूर्ण लाल प्रकाशाच्या जेमतेम २ टक्के भर पडते. १२० वरून १६० केला तर सुमारे १६ टक्के. माझी 'सीमा' नेमकी त्या मोठ्या उडीवर पडत होती. तिथले दोन रंग मुळातच जास्त वेगळे होते, ते कुणालाही लवकर ओळखू आले असते. त्यात त्या लॅपटॉपचा पडदा जरा तिरपा केला की रंग बदले, आणि खिडकीतून ऊन यायचं ते वेगळंच.

तेव्हा छटा आकड्यांनी नाही, डोळ्याला जाणवणाऱ्या अंतराने निवडा. सीलॅब नावाची रंगमोजणी त्यासाठीच आहे. तीही अचूक नाही, पण माझ्या ४०-४० पेक्षा कितीतरी बरी. पडदा उपकरणाने मोजून घ्या, खोली अंधारी ठेवा. आणि ज्यांच्या भाषेत ती सीमा नाही असा गट शोधा. माझ्याकडे तो नव्हता, कारण नागपुरात पोपटी माहीत नसलेला माणूस आणायचा कुठून?

ही अडचण माझ्यासारख्या नवख्यांपुरती नाही. २०२० मध्ये मार्टिनोविच, परामेई आणि मॅकइनेस यांनी रंगांवर जास्त काटेकोर ताबा ठेवून रशियन निळे पुन्हा तपासले. भाषेच्या सीमेचा फायदा त्यांना आढळला नाही. रंग प्रत्यक्षात एकमेकांपासून किती दूर, यावर वेळ ठरत होता. त्यामुळे विनावर यांचा प्रयोग वर्गात सांगताना हा दुसरा त्याच दिवशी सांगा.

त्यातल्या त्यात पटतो तो के आणि केम्प्टन यांचा १९८४ चा जुना प्रयोग. मेक्सिकोतल्या ताराहुमारा भाषेत निळ्या-हिरव्याला मिळून एक शब्द आहे. तीन छटांतली सर्वांत वेगळी कोणती, असं विचारलं की इंग्रजी भाषक निळ्या-हिरव्याच्या सीमेकडे झुकत, ताराहुमारा भाषक झुकत नसत. मग त्यांनी सरकत्या झाकणाची पेटी केली. एका वेळी दोनच छटा दिसत. मधली छटा एकीपेक्षा जास्त हिरवी आहे, असं आधी सांगायचं. झाकण सरकवून तीच दुसरीपेक्षा जास्त निळी आहे, असं सांगायचं, आणि मग कोणत्या जोडीतला फरक मोठा ते विचारायचं. एकाच छटेला दोन्ही नावं लागल्यावर नावाचा आधार उरला नाही, आणि इंग्रजी भाषकांचा तो झुकावही गेला. ना महागडा पडदा, ना मिलिसेकंदाचं घड्याळ.

प्रबंध शेवटी मी त्या धर्तीवरच केला, पुठ्ठ्याची पेटी करून, आणि हिरवा-पोपटी सोडून निळा-हिरवा घेऊन. मधली छटा शोधायला परत गांधीबागेत गेले. काकांनी मोरपंखीचं ठाण पुढे केलं. हा निळा की हिरवा, असं विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, कशाजवळ ठेवता त्याच्यावर आहे न."