बाळ दचकतं, शिंकतं, उचक्या देतं: या चुका टाळा

बारशाच्या घरात स्वयंपाकघरातून ताट पडलं. पाळण्यातल्या बारा दिवसांच्या बाळाने दोन्ही हात फाकले, बोटं ताणली, क्षणभराने हात छातीशी आवळले आणि ते रडू लागलं. "आकडी आली!" म्हणत आजीने नाकाशी कांदा धरला. बाळाला घेऊन सगळे आमच्या नवजात विभागात आले, तेव्हा ते शांतपणे दूध पीत होतं.

ती आकडी नव्हती, ते दचकणं होतं. मोठा आवाज झाला किंवा खाली ठेवताना मान जराशी मागे गेली, की प्रत्येक निरोगी बाळ असं करतं. याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. चार ते सहा महिन्यांत तो आपोआप जातो.

झोपेत किंवा रडताना बाळाची हनुवटी, हातपाय थरथरतात, तेव्हाही घरचे घाबरतात. अशा वेळी थरथरणारा हात हलकेच मुठीत धरा. साधी थरथर तिथेच थांबते. आकडी असेल तर झटके तुमच्या हाताखालीही जाणवत राहतात. डोळे एका बाजूला खिळणं, ओठ निळे पडणं, बाळ एकदम सैल पडणं हीही आकडीची लक्षणं आहेत. त्या वेळी तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. बाळाला कुशीवर वळवा आणि लगेच दवाखाना गाठा. दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ घेता आला तर घ्या, डॉक्टरांना सांगण्यापेक्षा दाखवलेलं जास्त कळतं. थरथरणारं बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर साखर किंवा कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं. तेव्हाही लगेच दाखवा.

उचकीचं एवढं भय नको. पोटात असतानाही बाळ उचक्या देत होतं. शेवटच्या महिन्यांत ठेक्यात बसणारे ते बारीक धक्के आईला आठवतील. दूध पाजून बाळाला खांद्यावर उभं धरा, थोड्या वेळात उचकी थांबते. त्यासाठी पाणी पाजू नका, सहा महिन्यांपर्यंत दूधच पुरे. मध तर वर्षभर नको, त्यातून बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. टाळूवर ओला दोरा ठेवण्याची रीत निरुपद्रवी वाटते, पण तो घसरून तोंडात जातो.

शिंकांनी बाळ नाक साफ करतं, त्यामुळे नुसत्या शिंका म्हणजे सर्दी नव्हे. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. शेक-धुरीचा धूर आधी बंद करा, शिंका बऱ्याचदा तिथेच कमी होतात. ताप, छाती आत ओढली जाणं किंवा मिनिटाला 60 हून जास्त श्वास असतील तर मात्र थांबू नका.

दचकण्यातल्या दोन गोष्टी मात्र दुर्लक्षित राहतात. नेहमी एकच हात उघडत असेल, तर बाळंतपणात खांद्याची नस किंवा गळ्याजवळचं हाड दुखावलेलं असू शकतं. आणि तिसऱ्या महिन्यानंतर, विशेषतः झोपेतून उठताना, काही आवाज नसतानाही बाळ एकामागून एक दचकल्यासारखं वाकत असेल, तर ती आकडीची वेगळी जात असू शकते. तेव्हा "लहानपणी सगळीच दचकतात" म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी व्हिडिओसह बालरोगतज्ज्ञांकडे जा.