ट्रॅक्टर घ्यावा की भाड्याने लावावा? दहा वर्षांचा हिशोब असा मांडा

ट्रॅक्टरचा हप्ता आणि वर्षाचे भाडे समोरासमोर ठेवून बरेच जण निर्णय घेतात. पण हप्ता पाच-सहा वर्षांत संपतो, दुरुस्ती पुढेही चालू राहते आणि शेवटी जुना ट्रॅक्टर विकून पैसे येतात. वेगवेगळ्या वर्षांतले हे पैसे आधी आजच्या किमतीत आणावे लागतात, मगच तुलना खरी होते.

सोयाबीन-हरभरा घेणारे आठ एकरांचे एक शेत धरू. खालचे दर उदाहरणादाखल आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

आधी भाड्याचा खर्च काढा. नांगरट, मोगडणी, रोटाव्हेटर आणि दोन्ही हंगामांची पेरणी मिळून एकरी ७,००० रुपये धरले, तर आठ एकरांचे वर्षाला ५६,००० होतात.

मग खरेदीचा खर्च. ट्रॅक्टर साडेसात लाख आणि नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र अडीच लाख, असे आज १० लाख जातात. विमा, सर्व्हिसिंग आणि टायर-दुरुस्ती यांची सरासरी वर्षाला ३०,००० आणि डिझेल एकरी २,५००, म्हणजे २०,०००. दहा वर्षांनी विक्रीचे ३ लाख येतील असे धरू. अवजारे न घेता नुसत्या ट्रॅक्टरच्या किमतीवर हिशोब केला, तर तो तिथेच फसतो.

आता व्याजदर ठरवा. कर्ज काढणार असाल तर बँकेचा दर घ्या. घरचे पैसे असतील, तर तेच पैसे ठिबकात किंवा ठेवीत टाकून काय मिळाले असते, तो दर घ्या. आपण १० टक्के घेऊ. या दराने वर्षभरानंतर मिळणाऱ्या १,००० रुपयांची आजची किंमत ९०९ होते, दहा वर्षांनंतरच्या १,००० ची फक्त ३८६. कर्जाच्या दरानेच हिशोब करत असाल, तर १० लाखांची किंमत आणि हप्ते दोन्ही धरू नका, तोच खर्च दोनदा लागेल.

मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=PV(10%,10,-56000)
=1000000+PV(10%,10,-50000)-300000/1.1^10
```

पहिले उत्तर सुमारे ३,४४,००० येते, दुसरे ११,९१,५००. म्हणजे आठ एकरांसाठी खरेदी आजच्या पैशात सुमारे साडेआठ लाखांनी महाग पडते. अनुदान मिळणार असेल तर ते खरेदीनंतर खात्यात येते, म्हणून ते पुढच्या वर्षी धरा: एक लाखाचे आजचे ९०,९०० होतात. तेवढ्याने निकाल बदलत नाही. किती एकर असले की बदलतो, हेही काढता येते. स्वतःच्या ट्रॅक्टरने एकरी ४,५०० वाचतात, त्यामुळे खरेदी आणि भाडे सुमारे ३९ एकरांवर बरोबरीत येतात.

“बाहेरची कामे करून फेडू,” असे इथे घरातले कोणीतरी म्हणतेच. तेही तपासा. साडेआठ लाखांची तूट दहा वर्षांत भरायची, तर वर्षाला सुमारे १,३८,००० निव्वळ उरले पाहिजेत. डिझेल आणि चालकाचा रोज वजा जाता एकरी ३,५०० उरत असतील, तर दरवर्षी दुसऱ्यांची जवळजवळ ४० एकर जमीन संपूर्ण करून द्यावी लागेल. शिवाय ट्रॅक्टर इतका चालला की दुरुस्तीचे ३०,००० पुरत नाहीत. ते ६०,००० झाले तर आणखी नऊ एकर लागतात. जूनमधल्या कामाचे पैसे सोयाबीन विकल्यावर येतात आणि काही उधारी बुडते. म्हणून वहीत कामाची नव्हे, हातात पडलेल्या पैशांची नोंद ठेवा. गावात आधीच चार-पाच ट्रॅक्टर असतील, तर पन्नास एकरांचे काम सहज मिळेल असे समजू नका.

भाड्याची खरी अडचण पेरणीच्या वेळी येते. पावसानंतर वाफसा आला की सगळ्यांना त्याच दोन-चार दिवसांत ट्रॅक्टर हवा असतो, आणि आपला नंबर लागेपर्यंत ओल उडते. हे नुकसान हिशोबात घालाच. एकरी अर्धा क्विंटल घटला आणि भाव ४,५०० धरला, तर आठ एकरांवर १८,००० जातात. दरवर्षी असेच झाले तरी दहा वर्षांची आजची किंमत सुमारे १,१०,००० होते. साडेआठ लाखांपुढे ती थोडी आहे, पण वर्षाला १८,००० सोडून देण्यासारखेही नाहीत. त्यापेक्षा मे महिन्यातच ट्रॅक्टरवाल्याशी बोला: पेरणीला एकरी ५०० जादा, थोडी रक्कम आगाऊ, आणि वाफसा आल्यावर पहिला नंबर आपला. त्याला वर्षाला ४,००० लागतात.